बीट चिरलं की हात लाल होतात, मग पाण्यात ठेवलेलं बीट रंग का सोडत नाही?

बीट चिरायला घेतलं की दोन मिनिटांत हात, सुरी, चॉपिंग बोर्ड सगळं लालभडक होतं. पण तेच बीट स्वच्छ धुऊन गार पाण्यात ठेवलं तर तासाभराने पाणी जेमतेम गुलाबी होतं. आणि तेच बीट उकळत्या पाण्यात टाकलं तर पाच मिनिटांत पाण्याचा रंग गडद लाल.

रंग तोच, पाणीही तेच. मग गार पाण्यात तो रंग नेमका कोण अडवून धरतं?

उत्तर आहे एक पातळ पडदा. तो इतका पातळ असतो की साध्या डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. त्याचं नाव टोनोप्लास्ट. शाळेत नववीच्या आसपास हे नाव एका ओळीत येतं आणि परीक्षेनंतर विसरलं जातं. पण कोथिंबीर ताठ राहते, लिंबू आंबट लागतं आणि उसात साखर साठते, या सगळ्यामागे हाच पडदा आहे. प्राण्यांच्या पेशींमध्ये मात्र ही व्यवस्था जवळपास नसते. का नसते, ते कळलं की वनस्पती आणि प्राणी यांच्यातला एक मोठा फरक लक्षात येतो.

नाव 'रिकामी', पण आत भरगच्च

वनस्पतीच्या पेशीत मधोमध एक मोठी पिशवी असते. तिला मराठीत रिक्तिका म्हणतात आणि इंग्रजीत व्हॅक्युओल. दोन्ही नावांचा अर्थ एकच, रिकामी जागा. सुरुवातीच्या सूक्ष्मदर्शकांतून बघणाऱ्यांना तिथे काहीच दिसलं नाही, म्हणून हे नाव पडलं.

प्रत्यक्षात ती रिकामी अजिबात नसते. तिच्यात पाणी असतं आणि त्या पाण्यात साखर, क्षार, आम्लं, रंग असं बरंच काही विरघळलेलं असतं. या द्रवाला पेशीरस म्हणतात. पूर्ण वाढलेल्या पेशीत ही एकटी पिशवी बऱ्याचदा 80 ते 90 टक्के जागा व्यापते. पेशीचा बाकीचा जिवंत भाग, म्हणजे पेशीद्रव, केंद्रक आणि हरितलवकं, तिच्याभोवती पातळ थर होऊन कडेला चिकटलेला असतो.

बीटचा लाल रंग याच पिशवीत असतो. आणि या पिशवीचं जे पटल, तोच टोनोप्लास्ट.

हे नाव दिलं ह्यूगो द व्रीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने, 1885 साली. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम 1900 साली पुन्हा उजेडात आणणाऱ्यांमध्ये ज्यांचं नाव येतं, तेच हे द व्रीस. त्याच्या आधीची अनेक वर्षं ते वनस्पतींच्या पेशी वेगवेगळ्या द्रावणांत बुडवून काय होतं ते बघत होते आणि त्यात लाल बीटही होतं. तीव्र द्रावणात पेशीचा बाहेरचा भाग मेला, तरी आतल्या पिशवीभोवतीचं पटल काही काळ शाबूत राहतं, हे त्यांना दिसलं. म्हणजे ती नुसती पोकळी नव्हती, तिला स्वतःची भिंत होती. 'टोनोस' म्हणजे ग्रीक भाषेत ताण. पेशीतल्या ताणाशी या पटलाचा संबंध आहे असं त्यांना वाटलं, म्हणून टोनोप्लास्ट.

तीन ग्लास आणि एक बीट

हे घरी बघता येतं. एका बीटच्या अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करा आणि नळाखाली चांगल्या धुवा. धुताना सुरुवातीला भरपूर लाल पाणी जाईल, कारण सुरीखाली आलेल्या पेशी फाटलेल्या असतात आणि त्यांचा रंग मोकळा झालेला असतो. धुतलेलं पाणी जवळपास स्वच्छ निघेपर्यंत थांबा. आता चकतीत ज्या उरल्या, त्या बहुतेक अखंड पेशी.

पहिल्या ग्लासात साधं गार पाणी घ्या. दुसऱ्यात कपभर पाण्यात एक चमचा मीठ विरघळवा. तिसऱ्यात नुकतंच उकळून बाजूला ठेवलेलं गरम पाणी घ्या. तिन्हींत एकेक चकती टाका आणि अर्धा तास थांबा.

गार पाण्यातली चकती कडक राहते. वाकवायला गेलं तर काडकन मोडते. पाणी फार तर फिकट गुलाबी.

मिठाच्या पाण्यातली चकती मऊ पडते. ती न मोडता रबरासारखी वाकते. पण पाणी मात्र गडद लाल झालेलं नसतं.

गरम पाण्यातली चकतीही लुळी पडते, आणि पाणी गडद लाल होतं.

गंमत दुसऱ्या आणि तिसऱ्या ग्लासात आहे. दोन्हीकडे चकती मऊ पडली, पण कारणं वेगळी आहेत. मिठाच्या ग्लासात पेशीतलं पाणी बाहेर गेलं आणि रंग आतच राहिला. म्हणजे पडदा शाबूत होता, तो पाणी सोडत होता आणि रंग अडवत होता. गरम ग्लासात पडदाच निकामी झाला. ही पटलं मुख्यतः स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं यांची बनलेली असतात. तापमान साधारण 60 अंशांच्या आसपास गेलं की त्यांची घडी मोडायला लागते आणि मग आतलं सगळं बाहेर येतं.

असंच एक बीट फ्रीझरमध्ये गोठवून बाहेर काढलं तर वितळताना तेही लाल पाणी सोडतं. तिथे काम बर्फाच्या स्फटिकांनी केलेलं असतं. ते पटलं फाडून टाकतात.

पेशीत टायरपेक्षा जास्त हवा?

हवा नाही, पाणी. पण दाब मात्र खरंच टायरपेक्षा जास्त.

ज्या बाजूला विरघळलेले पदार्थ जास्त, त्या बाजूला पडद्यातून पाणी ओढलं जातं. हे परासरण. रिक्तिकेत विरघळलेले पदार्थ भरपूर असल्याने बाहेरचं साधं पाणी आत शिरतं. पिशवी फुगते आणि पेशीद्रवाचा पातळ थर बाहेर ढकलते. पण त्या थराच्या बाहेर पेशीभित्तिका असते. ती सेल्युलोजच्या धाग्यांची, चिवट आणि फार न ताणली जाणारी. पिशवी ढकलते, भिंत अडवते. यातून जो दाब तयार होतो त्याला टर्गर म्हणतात. सोप्या मराठीत, पेशीचा ताठपणा.

हा दाब किती असू शकतो, त्याचा अंदाज बांधता येतो. एका लिटर पेशीरसात विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण 0.3 मोल आहे असं धरू. वनस्पतींसाठी हा आकडा अगदी सर्वसाधारण आहे, अनेक पेशींमध्ये तो याहून जास्त असतो. 25 अंश तापमानाला अशा द्रावणाची पाणी ओढण्याची ताकद सुमारे 7 वातावरणांइतकी भरते. कारच्या टायरमध्ये आपण जी हवा भरतो तिचा दाब साधारण 2 वातावरणं. म्हणजे पुरेसं पाणी मिळालेल्या कोथिंबिरीच्या पानातली एक पेशी टायरच्या तिप्पट दाबाने भरलेली असू शकते.

आता मिठाच्या ग्लासाचा हिशोब. 200 मिलिलिटर पाण्यात 6 ग्रॅम मीठ घातलं तर ते झालं 3 टक्क्यांचं द्रावण. मीठ पाण्यात विरघळताना सोडियम आणि क्लोराइड असे दोन कण वेगळे होतात. त्यामुळे लिटरमागे जवळपास 1 मोल कण आणि ओढण्याची ताकद सुमारे 25 वातावरणं. रस्सीखेचीत पेशीच्या बाजूला 7 किंवा 10, फार तर 15, आणि समोर 25. पाणी बाहेर जाणारच.

काकडीची कोशिंबीर आधी मीठ लावून ठेवली की तिला पाणी सुटतं ते यामुळेच. ते पाणी मुख्यतः रिक्तिकांमधलं असतं.

मग टोनोप्लास्ट फाटत कसा नाही?

इथे एक गैरसमज सर्रास होतो. रिक्तिका फुगलेल्या फुग्यासारखी आहे आणि टोनोप्लास्ट त्या फुग्याचं ताणलेलं रबर आहे, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. तसं नाही. अशी पटलं अगदी थोडी, जेमतेम तीन-चार टक्के ताणली तरी फाटतात. 7 वातावरणांचा दाब त्यांना कधीच झेपला नसता.

जुन्या पद्धतीचा फुटबॉल आठवा. आत पातळ रबरी ब्लॅडर आणि बाहेर चामड्याचं कव्हर. नुसत्या ब्लॅडरमध्ये तेवढी हवा भरली तर तो फुटेल. कव्हरच्या आत मात्र तो निवांत असतो, कारण सगळा जोर कव्हर घेतं. पेशीत कव्हरचं काम पेशीभित्तिका करते. टोनोप्लास्टच्या आत जेवढा दाब असतो, तेवढाच बाहेरच्या पेशीद्रवातही असतो. दोन्हीकडून सारखंच ढकललं गेल्यावर पडद्यावर ओढ येत नाही.

थोडक्यात, दाब सोसते भित्तिका. टोनोप्लास्टचं काम वेगळं आहे. आत काय राहील आणि बाहेर काय जाईल, हे तो ठरवतो.

दार एक, कुलपं अनेक

हे काम किती कडक चालतं ते लिंबात दिसतं. लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 2.5 च्या आसपास. हा रस लिंबाच्या गरातल्या पेशींच्या रिक्तिकांमध्ये असतो. त्याच पेशींच्या पेशीद्रवाचा पीएच मात्र 7 च्या थोडा वर असतो, आणि तो तसाच राहावा लागतो, नाहीतर तिथली प्रथिनं बिघडतील. पीएचमध्ये एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. पाच अंकांचा म्हणजे एक लाख पट. टोनोप्लास्टच्या एका बाजूला दुसऱ्या बाजूपेक्षा लाखपट आम्लता, आणि मध्ये फक्त तो पडदा.

हा फरक आपोआप टिकत नाही. टोनोप्लास्टमध्ये प्रथिनांचे बारीक पंप बसवलेले असतात. ते पेशीची ऊर्जा खर्च करून हायड्रोजनचे आयन सतत आत ढकलतात. आत आयनांची गर्दी झाली की ते परत बाहेर यायला बघतात, आणि त्यांच्या त्या ओढीवर बाकीची वाहतूक चालते. एक आयन बाहेर सोडायचा आणि त्या बदल्यात साखरेचा रेणू किंवा सोडियमचा आयन आत घ्यायचा, अशी देवाणघेवाण करणारी दारं याच पडद्यात असतात. पाण्यासाठी वेगळी दारं आहेत, त्यांना अॅक्वापोरिन म्हणतात. त्यातून पाणी झटपट येतं-जातं, पण विरघळलेल्या बहुतेक गोष्टी जाऊ शकत नाहीत.

बीटच्या दुसऱ्या ग्लासात जे दिसलं ते हेच. पाण्याला दार उघडं, रंगाला बंद.

गोदामात काय काय असतं?

उसाच्या कांड्यात जी साखर साठते ती मुख्यतः गराच्या पेशींच्या रिक्तिकांमध्ये. रसवंतीचा चरक फिरतो तेव्हा भित्तिका आणि टोनोप्लास्ट दोन्ही चिरडले जातात आणि आपल्या ग्लासात पेशीरस पडतो.

पण गोदामात फक्त गोड माल नसतो. अळूचं कच्चं पान हाताळलं की खाज येते. त्याला कारणीभूत असतात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. अळूच्या पानात काही खास पेशी असतात आणि त्यांच्या रिक्तिकांमध्ये या सुयांचे जुडगे तयार होतात. पानं खाणाऱ्या प्राण्यांसाठी ती शिक्षा, आणि अळूसाठी संरक्षण.

लसणाची युक्ती आणखी भारी. अख्ख्या पाकळीला फारसा वास येत नाही. ठेचली की घर भरून वास. कारण वासाचा कच्चा माल लसणाच्या पेशीद्रवात असतो आणि त्याचं रूपांतर करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, रिक्तिकेत असतं. मध्ये टोनोप्लास्ट असतो, म्हणून दोघांची गाठच पडत नाही. बत्ता पडला, पडदा फाटला, दोघं एकत्र आले आणि काही सेकंदांत तो उग्र वास तयार झाला. वांगं चिरल्यावर काळं पडतं तिथेही असंच होतं, फक्त जागा उलट. तिथे रिक्तिकेत कच्चा माल असतो आणि विकर बाहेर.

प्राण्यांच्या पेशीत ही पिशवी मोठी का नाही?

वर 0.3 मोल हा आकडा आला होता. योगायोगाची गोष्ट म्हणजे माणसाच्या रक्तातल्या द्रवाचं आणि आपल्या पेशींच्या आतल्या द्रवाचं प्रमाणही साधारण तेवढंच आहे. म्हणजे आपली एखादी पेशी शुद्ध पाण्यात टाकली तर तीही 7 वातावरणांच्या ताकदीने पाणी ओढेल.

फरक एवढाच की तिला भित्तिका नाही. ब्लॅडर आहे, कव्हर नाही. लाल रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकली की ती फुगते आणि काही क्षणांत फुटते. म्हणूनच दवाखान्यात शिरेतून साधं पाणी देत नाहीत, 0.9 टक्के मिठाचं सलाइन देतात. त्यातल्या कणांचं प्रमाण रक्ताशी जुळतं, त्यामुळे पेशी फुगतही नाही आणि आकसतही नाही.

प्राण्यांनी निवडलेला मार्ग हा असा आहे. पेशी फुगवायचीच नाही. आपल्या पेशींच्या बाहेरच्या पटलावरचे पंप दर फेरीला सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतात आणि पोटॅशियमचे दोन आत घेतात. या कामावर पेशीच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा खर्च होतो, पण त्यामुळे आत-बाहेर समतोल राहतो. अशा पेशीत साखर आणि क्षारांनी भरलेली मोठी पिशवी ठेवून उपयोग नाही. तिच्यामुळे ताठपणा येणार नाही, कारण ढकलायला भिंतच नाही. शरीराला आधार द्यायचं काम इथे हाडं आणि स्नायू करतात.

म्हणून प्राण्यांच्या पेशींतल्या रिक्तिका लहान असतात, अनेक असतात आणि बऱ्याचदा तात्पुरत्या असतात. पांढरी रक्तपेशी जिवाणू गिळते तेव्हा त्याच्याभोवती एक छोटी पिशवी तयार होते. तिच्याशी पाचक विकरांनी भरलेली लयकारिका जोडली जाते, जिवाणू विरघळतो आणि पिशवीचं काम संपतं. वनस्पतीत साठवणं, पचवणं आणि ताठ ठेवणं ही सगळी कामं एकाच मोठ्या पिशवीकडे असतात. प्राण्यांत ती वेगवेगळ्या लहान पिशव्यांत वाटलेली असतात.

चरबीच्या पेशीत मधोमध मोठा थेंब दिसतो, त्याला अनेकजण रिक्तिका समजतात. पण तो चरबीचा थेंब आहे. त्याच्याभोवती टोनोप्लास्टसारखं दुपदरी पटल नसतं आणि तो परासरणाने पाणीही ओढत नाही.

अमीबाचं उदाहरणही या धड्यात नेहमी येतं. अमीबा खरं तर प्राणी नाही, एकपेशीय सजीव आहे. पण त्याची अडचण तीच, गोड्या पाण्यात राहतो आणि भित्तिका नाही. पाणी आत येतच राहतं. त्याने काढलेला उपाय म्हणजे आकुंचनशील रिक्तिका. ती पाणी गोळा करते, भरली की बाहेर फेकते आणि पुन्हा भरायला लागते. रोपाची रिक्तिका पाणी धरून ठेवते, अमीबाची उपसते.

एक अपवाद, जो नियमच सिद्ध करतो

प्राण्यांमध्ये मोठी, ताठ ठेवणारी रिक्तिका कुठेच नाही का? एका ठिकाणी आहे. माशांच्या भ्रूणात पाठीचा कणा तयार होण्याआधी त्या जागी एक लवचीक दांडा असतो, त्याला पृष्ठरज्जू म्हणतात. झेब्राफिश या छोट्या माशात त्याचा अभ्यास झाला आहे. या दांड्याच्या पेशींमध्ये प्रत्येकी एक प्रचंड रिक्तिका असते, जवळपास सगळी पेशी व्यापणारी. ती फुगते आणि पिल्लाचं शरीर लांब आणि ताठ होतं. ती बिघडली तर शरीर आखूड राहतं.

मग इथे पेशी का फुटत नाहीत? कारण संपूर्ण दांड्याभोवती चिवट तंतूंचं एक आवरण असतं. प्रत्येक पेशीला वेगळी भिंत नाही, पण सगळ्यांना मिळून एक कव्हर आहे. फुटबॉलची रचना इथेही तीच. मोठी पिशवी उपयोगी पडते ती बाहेर भक्कम भिंत असेल तेव्हाच.

कोथिंबीर परत ताठ होईल का, कसं ओळखायचं?

सुकलेली कोथिंबीर म्हणजे पाणी कमी झालेल्या रिक्तिका. पडदे शाबूत असतील तर आतली साखर आणि क्षार अजून तिथेच असतात. देठांची टोकं कापून जुडी गार पाण्यात ठेवली की तेच पदार्थ पाणी पुन्हा आत ओढतात आणि तास-दोन तासांत पानं उभी राहतात. बाजारात मावशी भाजीवर पाणी शिंपडत असतात, त्याने पानांतून पाणी उडणं कमी होतं. जुडी पुन्हा ताठ करायला मात्र देठ पाण्यात बुडवणं जास्त उपयोगी.

पण पान काळपट, ओलसर आणि गिळगिळीत झालं असेल तर पाण्याचा उपयोग नाही. तिथे पडदे फाटलेले असतात, माल वाहून गेलेला असतो, आणि पाणी ओढायला आत काही उरलेलं नसतं. शिजवलेला पालक कितीही वेळ पाण्यात ठेवला तरी ताठ होत नाही, तेही यामुळेच.

बीटच्या ग्लासांकडे परत बघितलं तर हा फरक डोळ्यांनी दिसतो. मिठाच्या पाण्यातली मऊ चकती अर्ध्या तासाने काढून, धुऊन, साध्या पाण्यात ठेवा. तिच्या बऱ्याच पेशी अजून जिवंत असतील, त्यामुळे ती काही वेळाने पुन्हा कडक व्हायला लागेल. गरम पाण्यातली चकतीही तशीच साध्या पाण्यात ठेवा. ती कडक होणार नाही, आणि ग्लासातलं नवं पाणीसुद्धा लाल होत जाईल.